रविवारी बाग साफ करायचीय, गंधक टाकायचं नाही

सर्व मेंबर्सना विनंती, रविवारी सकाळी ८ वाजता मागच्या बागेत प्रत्येक घरातून एकाने तरी यायचंच आहे.

पंपाजवळ धामण दिसल्यापासून कुणी गंधक टाकतंय, कुणी लसूण ठेचून, आणि काल तर कुंपणाला रॉकेल ओतलेलं होतं, प्लीज हे थांबवा. साप वासाने पळत नाही, गंधकाच्या रेघेवरून तो सरळ निघून जातो. रॉकेलने मात्र झाडं मरतात, माती खराब होते आणि आगीची भीती वेगळीच.

साप येतो तो उंदीर-बेडकांमागे, आणि लपायला जागा मिळते म्हणून. आपल्याकडे कबुतरांना दाणे टाकतात, त्यावर उंदीर येतात, ते विटांच्या ढिगाखाली बिळं करतात, म्हणजे जेवण आणि घर दोन्ही तयार! म्हणून:

- दाणे टाकणं आजपासून बंद
- विटा, फरश्या, पालापाचोळा हलवायचा, बिळं खडी-सिमेंटने बुजवायची
- मेंदीच्या खालच्या फांद्या वीतभर छाटायच्या, जमीन दिसली पाहिजे
- गटाराच्या तोंडाला बारीक जाळी

बूट घालून या, ढिगात थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा. साप दिसला तर मारायचा नाही, लांब राहून सर्पमित्रांना बोलवा. चावला तर १०८ आणि थेट हॉस्पिटल.