लेझरसाठी ‘फिट’ ठरवताना न सांगितलेल्या गोष्टींबद्दल तक्रार

प्रति,
वैद्यकीय संचालक आणि रुग्ण तक्रार विभाग

विषय: लॅसिकपूर्वी कॉर्नियाची जाडी, ऑप्टिकल झोन आणि डोळ्यांचा कोरडेपणा यांबद्दल अपुरी माहिती दिल्याबाबत

महोदय / महोदया,

पाच महिन्यांपूर्वी आपल्या केंद्रात माझ्या दोन्ही डोळ्यांचं लॅसिक झालं. दोन्हीकडे नंबर उणे सात होता. आज दिवसा तक्ता वाचायला लावलात तर मी शेवटून दुसरी ओळसुद्धा न अडखळता वाचते आणि तुमच्या नोंदीत ‘6/6, निकाल उत्तम’ असंच लिहिलेलं आहे. तक्रार शस्त्रक्रिया फसल्याची नाहीच. माझ्या डोळ्यांसाठी काय सोडून काय घेतलं जातंय हे तुम्हाला माहीत होतं आणि मला सांगितलं नाही, ही आहे.

तपासणीच्या दिवशी काउन्सेलर मॅडमनी रिपोर्टवर बोट ठेवून सांगितलं, “जाडी 505 आहे, तुम्ही फिट आहात.” मी सुटकेचा श्वास सोडला आणि सही केली. आता दुसऱ्या नेत्रतज्ज्ञांनी कागद पेन घेऊन तोच हिशोब मला समजावला. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, तो सर्वसाधारणपणे 540 मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे माझा मुळात थोडा पातळच. त्यातून लेझरआधी कापून उचलायचा वरचा पापुद्रा, म्हणजे 110 मायक्रॉनचा फ्लॅप. तो परत बसवला तरी डोळ्याला ताकद देण्याच्या कामी फारसा येत नाही, म्हणून तो वजाच धरायचा. मग लेझरने झिजणारा भाग. तो नुसत्या नंबरावर ठरत नाही, तर किती रुंद भागावर लेझर फिरवायचा यावरही ठरतो. 6.5 मिलिमीटरचा झोन घेतला तर एका नंबरामागे साधारण 14 मायक्रॉन जातात, 6 मिलिमीटरचा घेतला तर 12. माझ्या सात नंबराला पहिल्या हिशोबाने 98 गेले असते आणि खाली 297 उरले असते. दुसऱ्या हिशोबाने 84 गेले आणि 311 उरले.

खाली किमान 250 उरावेत असं मानतात, पण बरेच सर्जन 300 च्या खाली जायला नाखूश असतात, कारण फार पातळ राहिलेला कॉर्निया पुढे फुगू शकतो. तुमच्या सर्जननी 300 सांभाळले याबद्दल माझी तक्रार नाही, उलट आभारच आहेत. पण ते सांभाळले झोन आखडून. म्हणजे मी ‘फिट’ नव्हते, मला फिट बसवलं गेलं.

त्याची किंमत रात्री कळते. तुमच्याच तपासणीत अंधारात माझी बाहुली 7.2 मिलिमीटर भरली होती. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात. बाहुली उघडते 7.2 आणि लेझरने नीट केलेला भाग 6 चा, तेव्हा कडेने आत येणारा प्रकाश वेगळ्याच ठिकाणी पडतो. समोरून गाडी आली की दोन दिव्यांचे दोन पांढरे गोळे होतात, ते वाढत वाढत एकमेकांत मिसळतात आणि मधला दुभाजक नाहीसा होतो. लाल सिग्नलला कापूस पिंजल्यासारख्या तारा फुटतात. एकदा गाडीच्या आतला दिवा चुकून लागला आणि वलयं एकदम अर्धी झाली. बाहुली आकसली होती, बाकी काही नाही. हे मी त्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, “निदान तुम्हीच केलंत.” त्यांनी हेही प्रामाणिकपणे सांगितलं की नुसती बाहुली मोठी म्हणून सगळ्यांना त्रास होतोच असं नाही. मोठा नंबर आणि लहान झोन यांच्या जोडीला ती आली की शक्यता वाढते. माझ्याकडे तिन्ही होतं.

यावर तुमच्या हेल्पलाइनचं उत्तर: “थेंब घाला, ड्रायनेसमुळे असतं.” काही धूसरपणा खरंच कोरडेपणाचा आहे. तो पापणी मिटली की जातो, दोन क्षणांनी परत येतो. ही वलयं पापण्या कितीही मिटा, हलत नाहीत. फरक इतका साधा आहे, तो फोनवर विचारता आला असता.

आता कोरडेपणाचंच. शर्मर चाचणीत पाच मिनिटांत माझी कागदी पट्टी 7 मिलिमीटर भिजली होती. 10 च्या खाली म्हणजे अश्रू मुळात कमी. त्यात दहा वर्षं मी कॉन्टॅक्ट लेन्स लावत होते. फ्लॅप कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात, डोळा कोरडा पडलाय हा निरोप अश्रुग्रंथीपर्यंत नीट जात नाही, आणि नसा परत वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. हे सगळ्यांनाच होतं आणि बहुतेकांचं निवळतं. पण ज्याची विहीर आधीच आटलेली, त्याला आधी महिनाभर उपचार देऊन पुन्हा पट्टी लावायची असते, आणि सुधारणा नाही झाली तर लॅसिकचा आग्रह सोडायचा असतो. मला सांगितलं गेलं, “दोन आठवडे थोडं चरचरेल.” आज पाचव्या महिन्यात सकाळी उठल्यावर पापणी आतून चिकटलेली असते. उशाशी ठेवलेला थेंब आधी चाचपायचा, मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यात सोडायचा, मग हळूच उघडायचं. घाईने उघडली तर सोलल्यासारखं होतं.

आणखी एक. सॉफ्ट लेन्स काढून तेव्हा मला जेमतेम तीन दिवस झाले होते. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, काढण्याआधी निदान आठवडा दोन आठवडे ती बंद ठेवायला सांगतात. मला कुणी विचारलंच नाही. जाडी पुरेशी असूनही आकार वाकडा असेल तर लेझर करायचा नसतो, आणि ते याच नकाशावरून कळतं.

डोळ्यात बसवायची लेन्स हा पर्याय माझ्यासमोर आलाच नाही. तिच्यातही रात्री वलयं दिसू शकतात, मला भोळी समजू नका. पण कॉर्निया शाबूत राहिला असता, आणि निवड माझी असती.

तुम्ही देऊ केलेलं ‘मोफत री-लेझर’ मी नाकारते. उरलेल्या 311 मधून आणखी खरवडायचं की नाही, हे मोफत आहे म्हणून ठरणार नाही.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही डोळ्यांचे मूळ टोपोग्राफी नकाशे आणि लेझर मशीनची त्या दिवशीची छापील नोंद, ज्यात झोन, प्रत्यक्ष झिजवलेली खोली आणि फ्लॅपची जाडी असते, ते पंधरा दिवसांत द्यावं. दुसऱ्या तज्ज्ञांकडच्या तपासणीचा आणि कोरडेपणाच्या उपचारांचा खर्च आपण उचलावा. कॉर्नियाचा नकाशा दर सहा महिन्यांनी तपासण्याची लेखी हमी द्यावी. आणि संमतीपत्रात ‘फिट’ या शब्दाऐवजी त्या त्या रुग्णाची उरणारी जाडी, झोन, अंधारातली बाहुली आणि शर्मरचा आकडा हाताने भरून, सर्जननी स्वतः समजावून मगच सही घ्यावी. काउन्सेलर मॅडमवर कारवाई नको. त्यांना जेवढं शिकवलं तेवढं त्या बोलल्या.

उत्तर लेखी हवं, फोनवर नको.

आपली,
(सही)
सोबत: तपासणी अहवालाची दोन्ही पानं, संमतीपत्राची प्रत