घरमालकांना मेल पाठवण्याआधी

चि. मृण्मयी,

अनेक आशीर्वाद. घरमालकांना पाठवायच्या मेलचा तुझा मसुदा वाचला. ओल, खिडकीची कडी, वाढीव भाडं, मागच्या वेळी त्यांनी फोन उचलला नाही ते, सगळी कैफियत आली आहे. भेट कधी हवी, हे मात्र अगदी शेवटी आणि तेही ‘लवकरात लवकर’ एवढंच. एवढा लांब मेल आला की माणूस ‘निवांत वाचू’ म्हणून बाजूला ठेवतो आणि मग विसरतो. या मेलचं काम एकच, त्यांच्याकडून वेळ ठरवून घेणं. भाड्याची घासाघीस लेखी सुरू करू नकोस. एकदा आकडा लिहून गेला की तो मागे घेणं दोघांनाही जड जातं.

आधी करार काढून नोटिशीचं कलम बघ. तुझा करार ३१ मे रोजी संपतो आणि घर सोडायचं असेल तर दोन महिने आधी कळवायचं, असं तू म्हणालीस. म्हणजे तुझ्यासाठी खरी शेवटची तारीख ३१ मार्च. ती उलटून गेली की अटी पटोत न पटोत, निघायची वाट अवघड होते. काही करारांत तर कुणीच काही कळवलं नाही तर मुदत आपोआप वाढते, तसं काही लिहिलंय का तेही तपास. म्हणून भेट मार्चच्या मध्यापर्यंत व्हायला हवी, म्हणजे विचाराला दोन आठवडे उरतील.

आता ओलीबद्दल. ‘खोली नीट हवेशीर ठेवत नसशील’ असं ते म्हणणार, हे धरूनच चाल. त्याआधी एक साधी चाचणी कर. डागाचा भाग कोरडा पुसून त्यावर अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद कर आणि एक-दोन दिवस तसाच ठेव. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमले, तर ती खोलीतल्या हवेची वाफ. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला ओलावा दिसला, तर पाणी भिंतीतूनच येतंय. भिंत पलीकडे न्हाणीघराला लागून आहे, तेव्हा मला नळाच्या जोडाचा संशय येतो. अर्थात नक्की काय ते प्लंबरच सांगेल, पण प्लंबर बोलवायला तेवढं कारण पुरतं. फॉइल काढतानाचा फोटो घे. डागाशेजारी मोजपट्टी धरून आणखी एक फोटो काढ, आठवड्याने तोच पुन्हा. डाग वाढतोय हे मग तुला वेगळं पटवावं लागणार नाही.

मेल साधारण असा लिही:

विषय: कराराचं नूतनीकरण आणि राहिलेल्या दुरुस्त्या – भेटीसाठी वेळ

नमस्कार काका,
सध्याचा करार ३१ मे रोजी संपतो आहे. मला पुढेही इथेच राहायला आवडेल. त्याबद्दल आणि दोन राहिलेल्या दुरुस्त्यांबद्दल (झोपायच्या खोलीतल्या भिंतीची ओल, खिडकीची तुटलेली कडी) अर्धा तास बोलायचं होतं. शनिवार १४ मार्चला सकाळी किंवा सोमवार १६ मार्चला संध्याकाळी सातनंतर जमेल का? दोन्ही वेळा अडचणीच्या असतील तर तुम्हाला सोयीची वेळ कळवा. घरीच भेटलो तर भिंतही बघता येईल. फोटो सोबत जोडले आहेत.
मृण्मयी

‘काका’ तसंच ठेव. तू त्यांना रोज काका म्हणतेस, एकदम ‘महोदय’ झालं तर त्यांना वाटेल वकिलाने लिहून दिलंय. ‘दुरुस्ती होईपर्यंत भाडं देणार नाही’ ही मसुद्यातली ओळ काढलीस तर बरं. भाडं थांबवलं की करार तू मोडलास असं व्हायचं, आणि ओलीचा मुद्दा बाजूलाच राहायचा.

चार दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन कर, पण त्याच मेलवर दोन ओळींची आठवणही टाक. तारखेनिशी नोंद राहते.

भेटीत दुरुस्तीचा विषय आधी काढ, भाड्याचा नंतर. सही होऊन गेली की ‘करतो, बघतो’ला अंत नसतो. ‘करून देतो’ म्हणाले तर कधीपर्यंत आणि खर्च कुणाचा, दोन्ही विचार. कडी जुनी होऊन तुटली असेल तर खर्च साधारण त्यांचा, तुझ्या हातून तुटली असेल तर तुझा. तुमच्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचून जा. त्याच संध्याकाळी ‘आज ठरल्याप्रमाणे’ म्हणून सगळं मेलवर लिहून पाठव. नव्या करारात दुरुस्तीची तारीख घालून घेता आली तर उत्तमच.

मसुदा बदललास की मला पाठव, रात्री बघते.

तुझी,
आई