रीड बेड झाडांवर नव्हे, खडीवर चालतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वसतिगृहांसारख्या छोट्या निवासी संस्थांतले आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी रीड बेडमधून, म्हणजे खडी भरून वर पाणवनस्पती लावलेल्या खड्ड्यातून, शुद्ध करण्याविषयीचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. विषय घेतलात हे चांगलेच झाले, पण ‘झाडे पाण्यातली घाण शोषून घेतात’ हे त्यातले विधान मला खटकले. त्याचा प्रत्यक्ष कामावर वाईट परिणाम होतो. कुठली झाडे लावायची यावर बैठकांमागून बैठका होतात आणि खड्डा किती लांब, किती रुंद हे मात्र जागेवर उभ्या असलेल्या गवंड्याच्या अंदाजावर सोडले जाते. बेड बंद पडतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीमुळे.

पाणी साफ करतात ते खडीवर वाढणारे जिवाणू. खडीच्या प्रत्येक दाण्यावर त्यांचा बुळबुळीत थर चढतो आणि पाणी त्याला घासून जाताना साबण, घाम, तेलकटपणा असे सगळे सेंद्रिय द्रव्य तो थर खातो. झाडांचे काम दुय्यम आहे. मुळांमुळे थराला थोडी जास्त जागा आणि थोडा प्राणवायू मिळतो, वर सावली राहते, नायट्रोजन-फॉस्फरसचा थोडा वाटा झाडे उचलतात. त्यामुळे बोरूच्या जातीचे उंच गवत लावा, पाणकणीस लावा की कर्दळ लावा, निकालात फार फरक पडत नाही. चौरस मीटरला चार रोपे पुरतात.

झाडांवर जास्त भिस्त ठेवण्याची किंमत या तंत्राने एकदा मोजली आहे. जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950 च्या दशकात पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले. पुढे राइनहोल्ड किकुट यांच्या पद्धतीचा बेड 1974 मध्ये ओथफ्रेझन येथे चालू झाला. किकुट यांचा भर मातीवर होता. मुळे वाढत गेली की दोन-तीन वर्षांत माती आपोआप सच्छिद्र होईल, असे गृहीत धरले होते. मुळे वाढली, माती मात्र तशी मोकळी झाली नाही, आणि अनेक ठिकाणी पाणी आतून झिरपण्याऐवजी वरूनच वाहून गेले. म्हणून 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये मातीऐवजी खडी भरायला सुरुवात झाली, आणि आजचा आडव्या प्रवाहाचा बेड त्यातूनच आला.

आता एक प्रत्यक्ष हिशेब मांडतो. वसतिगृहात 50 जण राहतात, प्रत्येकाचे शौचालय वगळून रोज 80 लिटर सांडपाणी निघते, म्हणजे दिवसाला 4 घनमीटर. गाळटाकीतून बाहेर पडताना त्याचा बीओडी, म्हणजे कुजणाऱ्या द्रव्याचे माप, लिटरला 150 मिलिग्रॅम आहे आणि तो 20 वर आणायचा आहे, असे धरू. क्षेत्रफळाचे नेहमीचे सूत्र असे:

A = Q × (ln C1 − ln C2) ÷ K

Q म्हणजे रोजचे पाणी, C1 आणि C2 म्हणजे आत येतानाचा आणि बाहेर पडतानाचा बीओडी, ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिथम. K हा बीओडी कमी होण्याचा अनुभवातून आलेला वेग. उबदार हवामानात दिवसाला 0.15 मीटर धरतात, थंडीत त्याहून बराच कमी. उत्तर येते 54 चौरस मीटर. थोडा हात राखून 60 घेऊ, म्हणजे माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास. बहुतेक माहितीपत्रके इथे थांबतात. खरा प्रश्न इथून सुरू होतो, कारण 60 चौरस मीटर कसेही मिळवता येतात: 3 मीटर रुंद आणि 20 मीटर लांब, किंवा 6 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब. कुंपणाच्या कडेने लांबट पट्टा मोकळा असतो म्हणून पहिला पर्याय निवडला जातो. शिवाय ‘लांब वाटेने गेलेले पाणी जास्त साफ’ असे वाटतेही.

दोन्हीत पाण्याची खोली 60 सेंटिमीटर ठेवू. पाणी दोन्हीत सारखाच वेळ राहते, साधारण साडेतीन दिवस, कारण खडीतल्या पोकळ्या सारख्याच. पण प्रवेशाच्या तोंडाशी पाण्याला सामोरा येणारा छेद पहिल्यात 1.8 चौरस मीटर आहे, दुसऱ्यात 3.6. रोज 600 ग्रॅम बीओडी या तोंडातून आत घुसतो. छेदाच्या एका चौरस मीटरवर दिवसाला 250 ग्रॅमपेक्षा जास्त भार देऊ नये, असा अनुभवाचा संकेत आहे. रुंद बेडमध्ये तो 167 येतो, अरुंद बेडमध्ये 333. म्हणजे अरुंद बेडचे तोंड पहिल्या दिवसापासून अपचनाकडे चाललेले असते.

दुसरी तपासणी पातळीची. खडी नवी असताना पाणी सहज निघून जाते, पण हिशेब नव्या खडीचा करायचा नसतो. थर चढलेल्या, निम्म्या बुजलेल्या खडीची पारगम्यता, म्हणजे पाणी पुढे जाऊ देण्याची क्षमता, सेकंदाला एक मिलिमीटर धरली, तर रुंद बेडमधून 4 घनमीटर पाणी पुढे ढकलायला दोन टोकांच्या पातळीत 13 सेंटिमीटर फरक लागतो. अरुंद बेडला लागतो 51 सेंटिमीटर. खडीची एकूण जाडीच 70 सेंटिमीटर असताना एवढा फरक पडायला वावच नाही, म्हणून पाणी खडी सोडून वर येते आणि पृष्ठभागावरून धावत सुटते. क्षेत्रफळ तेच, झाडे तीच, फक्त खड्ड्याची लांबी-रुंदी बदलली एवढाच फरक.

मी सुचवीन की 6 मीटर रुंदीच्या मधोमध एक भिंत घालून 3-3 मीटरचे दोन बेड करावेत, दोन्हींना वेगळी झडप. एरवी दोन्ही चालतात. कधी एकाला आठ-पंधरा दिवस विश्रांती दिली तर त्यातला साचलेला थर हवा लागून कुजतो आणि वाट पुन्हा मोकळी होते. त्या काळात दुसऱ्यावर दुप्पट भार येतो, तेवढा तो सोसतो.

बांधणीत नडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. तळाला जाड प्लास्टिकचे अस्तर, त्याच्या वर-खाली खडी टोचू नये म्हणून जिओटेक्स्टाइलचे जाड कापड. तळाचा उतार बाहेर पडण्याच्या दिशेने शेकडा एक, पण वरचा पृष्ठभाग सपाट. दोन्ही टोकांना अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात मोठे गोटे, म्हणजे पाणी पूर्ण रुंदीभर पसरते. मधे 10 मिलिमीटरच्या आसपासची धुतलेली खडी. ‘धुतलेली’ हा शब्द ठेकेदाराच्या कागदावर असतो, ट्रकमध्ये नसतो. एक बादली खडी पाण्यात ढवळून बघावी. पाणी गढूळ झाले तर ट्रक परत पाठवावा, कारण ती पूड बेड चालू होण्याआधीच पोकळ्या बुजवते. बाहेरच्या चेंबरमध्ये फिरणारा एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी तुकडा, बसवावा. तो वर-खाली केला की आतली पातळी ठरते, आणि ती खडीच्या पृष्ठभागाखाली 5 ते 10 सेंटिमीटर ठेवायची. पाणी उघडे नसले की डास होत नाहीत.

बेडच्या आधी काय आहे याला तितकेच महत्त्व आहे. दोन कप्प्यांची गाळटाकी हवी, रोजच्या पाण्याइतकी आणि वर गाळाला जागा, म्हणजे इथे सुमारे 5 घनमीटर. सकाळी दोन तासांत येणारा आंघोळीचा लोंढाही तीच सावरते. फार मोठी टाकी मात्र नको. पाणी दिवसाहून जास्त अडकले की सडून वास मारते. स्वयंपाकघराचे पाणी आधी ग्रीस ट्रॅपमधून जायलाच हवे. ट्रॅपवरचा तेलाचा थर दर आठवड्याला काढणारा माणूस ठरलेला नसेल, तर ते पाणी बेडला जोडूच नये. कपडे धुण्याच्या पाण्यातल्या तंतूंसाठी वेगळी जाळी लागते.

तोंडाशी बुजलेला बेड एकदा उकरून पाहिला की हे सगळे पटते. वरची खडी कोरडी, करडी. वीतभर खाली गेल्यावर खडी सुटी निघत नाही, ढेकळासारखी निघते: काळपट राखी लगदा, त्यात केस, कापडाचे धागे, साबणाचा चिकटा, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. तीन मीटर पुढे उकरले तर खडी स्वच्छ असते. म्हणजे बेड बुजतो तो सगळा नव्हे, पहिला मीटर-दीड मीटर. दुरुस्तीही तेवढीच: तेवढी खडी काढून, धुऊन परत भरायची.

इतकी वेळ येण्याआधी कळावे म्हणून बेड भरताना त्यात तीन ठिकाणी भोके पाडलेले उभे पाइप रोवून ठेवावेत: तोंडाशी, मध्यावर, शेवटी. महिन्यातून एकदा काठी घालून पातळी मोजायची. तोंडाशी आणि शेवटी यांतला फरक सुरुवातीला बोटभर असतो. तो वितीकडे सरकू लागला की त्या बेडला विश्रांती द्यायची वेळ झाली. तोंडाशी डबके दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. पातळी ठीक असूनही बाहेरचे पाणी एकाएकी गढूळ आणि वासाचे झाले, तर आधी कोणी फरशीसाठी ब्लीच किंवा जंतुनाशकाचा डबा मोरीत ओतला का ते विचारावे.

बाहेर पडलेल्या पाण्याबद्दल दोन गोष्टी लेखात राहून गेल्या. रोगजंतू अशा बेडमध्ये साधारण 90 ते 99 टक्के कमी होतात. हा आकडा मोठा वाटतो, पण लाखातले 99 टक्के गेले तरी हजार उरतात. म्हणून हे पाणी झाडांच्या मुळाशी, जमिनीखालून द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर नको. फ्लशसाठी वापरायचे तर आधी क्लोरीन द्यावे. दुसरे म्हणजे मीठ. डिटर्जंटमधला सोडियम खडी अडवत नाही, उलट बाष्पीभवनाने तो थोडा दाट होतो. जड, चिकण मातीत तेच पाणी वर्षानुवर्षे दिले तर माती घट्ट होत जाते. त्यामुळे संस्थेने कमी सोडियमचा द्रव साबण वापरावा आणि पाणी देण्याची जागा अधूनमधून बदलावी.

सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले तर बेडचे काय, असे मला अनेकदा विचारले जाते. आपल्या 60 चौरस मीटरमध्ये सुमारे 14 घनमीटर पाणी असते. गरम दिवसांत झाडे आणि ऊन मिळून दिवसाला 8 मिलिमीटर म्हणजे 480 लिटर नेतात. तीन आठवडे काही न करता निघतात. त्याहून मोठी सुट्टी असेल तर महिना उलटण्याआधी एक-दोन टँकर पाणी सोडावे लागेल. वसतिगृह पुन्हा भरल्यावर पहिले काही दिवस बाहेरचे पाणी तितकेसे साफ येत नाही, तोवर ते फ्लशच्या टाकीकडे वळवू नये.

आपला,
सांडपाणी प्रकल्पांच्या देखभालीचे काम करणारा एक वाचक