सगळेच ‘अत्युत्कृष्ट’, मग बढती कोणाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर झाली की आपल्याकडच्या पतसंस्था, बँका, कारखाने आणि कॉलेजांच्या कार्यालयांत मूल्यमापनाचे फॉर्म फिरू लागतात. आंब्याच्या घाईत ते एका दुपारी बसून भरून टाकायचे, असाच बहुतेक ठिकाणचा रिवाज. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत बारा वर्षे शाखाधिकारी होतो आणि हे फॉर्म तसेच भरत आलो. त्यातून एका चांगल्या कर्मचारी मुलीचे नुकसान झाले आणि त्यात माझाही हात होता. तो प्रसंग आणि नंतर आम्ही काय बदलले, हे आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण आज अनेक शाखाधिकारी आणि व्यवस्थापक त्याच जागी बसले आहेत.

आमच्या ९ शाखा होत्या आणि शाखाधिकारी सोडून ५८ कर्मचारी. फॉर्मवर दहा मुद्दे, प्रत्येकाला दहा गुण, एकूण शंभर. ९० च्या वर गेला की शेरा ‘अत्युत्कृष्ट’. २०१६-१७ च्या मूल्यमापनात ५८ पैकी ५१ जण अत्युत्कृष्ट ठरले. माझ्या शाखेची सरासरी ९४ होती. त्यात आळशी कोणी नव्हते, पण ९४ च्या लायकीचे फार तर एक-दोघे होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

तरी मी ते गुण का दिले, हे स्पष्ट सांगतो. एक तर माणसे रोजची, गावातली. संध्याकाळी ज्याच्या घरी आरतीला जायचे त्याला सकाळी ७० गुण कसे द्यायचे? पण त्याहून मोठे कारण वेगळे होते. विशेष वेतनवाढीची रक्कम सगळ्या शाखांत मिळून वाटली जायची आणि बढतीची यादीही एकच निघायची. बाकीचे शाखाधिकारी ९३-९५ देत असताना मी एकट्याने खरे गुण दिले असते, तर मार माझ्याच माणसांना बसला असता. म्हणून प्रत्येक जण आपल्या माणसांना सांभाळून घेत होता आणि सगळ्यांनी मिळून यादी निरुपयोगी करून ठेवली होती.

त्या वर्षी सहायक शाखाधिकाऱ्याची एक जागा रिकामी झाली. मुख्य कार्यालयाने गुणांच्या क्रमाने यादी लावली. ९० च्या खाली राहिलेल्या ७ जणांकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली असती. त्या सातांपैकी ६ जण एकाच शाखेतले होते, खाडीकाठच्या एका लहान शाखेतले. तिथले शाखाधिकारी स्वभावाने करडे, पण फॉर्म मन लावून वाचून भरणारे. त्यांच्या शाखेची सरासरी होती ७६. त्यातले सर्वांत जास्त ८६ गुण वसुली पाहणाऱ्या एका लेखनिक मुलीला होते.

त्या मुलीचे काम मी नंतर मुद्दाम फाईल काढून पाहिले. वर्षाच्या सुरुवातीला तिच्याकडे ६४ खाती थकीत होती, वर्षअखेर २३ राहिली. तिने धमक्या दिल्या नव्हत्या की जामीनदारांच्या दारात तमाशा केला नव्हता. कर्जदाराच्या हातात पैसा कधी येतो, एवढे तिने ओळखले होते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून होडीवाल्यांकडचे हप्ते ती मे संपायच्या आत गोळा करायची आणि पावसात त्यांना एक शब्द बोलायची नाही. बागायतदारांकडे जायची ती पहिल्या पेट्यांची पट्टी आल्यावर. मुंबईकर कर्जदारांना गाठायची गणपतीत, पण पाचव्या-सहाव्या दिवशी, म्हणजे घरची गडबड ओसरल्यावर आणि परतीच्या गाडीच्या आधी. हे सगळे तिच्या एका शंभर पानी वहीत खातेनिहाय लिहिलेले होते.

माझ्या शाखेत तेच काम करणाऱ्या लेखनिकाची थकीत खाती त्याच वर्षात ४० वरून ४७ झाली होती. माणूस गोड, ग्राहकांत लाडका. मी त्याला ९५ दिले होते आणि बढती त्याला मिळाली. विशेष वेतनवाढीचेही तेच झाले. ३ लाख रुपये ५१ जणांत वाटले गेले, प्रत्येकी ५,९०० सुद्धा पूर्ण नाहीत. तिच्या वाट्याला काहीच आले नाही. पुढच्या वर्षी ती राजीनामा देऊन दुसऱ्या संस्थेत गेली. वही आमच्याकडेच राहिली, पण ती वाचून तसे काम करणारे कोणी उरले नव्हते.

गुण फुगले की सगळे सारखे दिसतात, एवढेच नुकसान होते असे मला वाटायचे. प्रत्यक्षात क्रम उलटा होतो. सगळे ९० ते ९७ मध्ये कोंबले गेले की दोघांतला फरक कामावरून ठरत नाही, फॉर्म भरणाऱ्याचा हात सैल की आखडता यावरून ठरतो. खऱ्या माणसाला प्रामाणिक वरिष्ठ मिळाला तर तो तळाशी जातो. आपल्या संस्थेत असे होते आहे का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. गुण कर्मचाऱ्यांच्या क्रमाने न लावता ते कोणी दिले त्या क्रमाने लावा आणि प्रत्येकाची सरासरी काढा. सरासऱ्यांत पंधरा-वीस गुणांचे अंतर असेल आणि कामाच्या आकड्यांत तसे अंतर नसेल, तर तुमची यादी माणसांची नाही, वरिष्ठांच्या स्वभावांची आहे.

सरकारी सेवेतही हा दाब आहे. २००८ मध्ये देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. निकाल योग्यच होता. पण समोरासमोर बसून ‘तुझे काम चांगले आहे, अतिउत्तम नाही’ हे सांगायची सवय नसलेला अधिकारी तेव्हापासून सरळ वरचा शेरा देऊन मोकळा होऊ लागला, असे माझ्या सरकारी नोकरीतल्या मित्रांकडून मी ऐकत आलो आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये केंद्र सरकारने आश्वासित प्रगतीसाठीचा, म्हणजे बढती न मिळताही ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनस्तरासाठीचा, किमान शेरा ‘चांगला’वरून ‘अतिउत्तम’वर नेला. ‘चांगला’ लिहिले की माणसाचे आर्थिक नुकसान ठरलेले, मग तो शब्द लिहिणार कोण?

यावर पहिला उपाय सुचतो तो कोट्याचा: वरचा शेरा इतक्याच टक्क्यांना, खालचा इतक्यांना. आमच्या संचालकांनाही तोच हवा होता. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत २००८ च्या नियमांनी ते करून पाहिले. वरचा शेरा १० ते १५ टक्क्यांनाच आणि १० टक्के खालच्या शेऱ्यात, त्यांना कामगिरीचा मोबदला नाही. २०१७ मध्ये खालच्या १० टक्क्यांची सक्ती काढावी लागली. मायक्रोसॉफ्टनेही अशी सक्तीची उतरंड २०१३ मध्ये बंद केली. आमच्यासारख्या संस्थेत तर ते साधेसुधे गणितही जमत नाही. सहा माणसांच्या शाखेत दहा टक्के म्हणजे कोण? सहाही जण चांगले असतील तर एकाला उगाच बळी द्यायचा आणि सहाही सुमार असतील तर एकाला फुकट हार घालायचा.

आम्ही २०१८ पासून वेगळे केले. आधी शंभर गुण काढून पाच पायऱ्या ठेवल्या, कारण ९१ आणि ९३ मधला फरक जगात कोणाला सांगता येत नाही. प्रत्येक पायरीसमोर विशेषणाऐवजी काम लिहिले. वसुलीत तिसरी पायरी म्हणजे नोटिसा वेळेवर, भेटींची नोंद पूर्ण, थकबाकी वाढलेली नाही. पाचवी म्हणजे थकबाकी ठळक कमी झाली आणि ती कशी, हे दुसऱ्याला शिकवता येईल असे लिहून ठेवलेले. तिसरी पायरी ही नेमून दिलेले काम नीट करणाऱ्याची, त्यात कमीपणा नाही, हे कर्मचाऱ्यांना मीच शाखा-शाखांत जाऊन सांगितले. पहिल्या वर्षी या पायऱ्यांचा वेतनवाढीशी संबंध ठेवला नाही. तो ठेवला असता तर ९४ वरून तिसऱ्या पायरीवर आलेला माणूस भांडायलाच उठला असता आणि त्याचे म्हणणे चुकीचे नसते.

मग मे महिन्यात नऊही शाखाधिकारी एका दिवसासाठी एका टेबलाभोवती बसवले. चौथी किंवा पाचवी पायरी द्यायची असेल, तर त्या माणसाचे दोन प्रसंग तारखेसह सांगायचे आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. पहिल्या वर्षी सकाळचा तास दीड तास फार अवघड गेला. ‘प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे’ यापुढे कोणाची गाडी सरकेना. माझ्या त्या गोड लेखनिकाबद्दल मला एकही प्रसंग सांगता आला नाही. संध्याकाळपर्यंत वरच्या पायरीवर ८ जण उरले. तेच ३ लाख ८ जणांत वाटले असते, तर प्रत्येकी ३७,५०० झाले असते. प्रसंग आठवत नाहीत म्हणून पुढच्या वर्षापासून प्रत्येकाने वही ठेवली, शनिवारी शाखा बंद करताना प्रत्येक माणसाबद्दल घडले असेल ते एक वाक्य. ही वही नसेल तर बैठकीत शेवटच्या दोन महिन्यांचेच बोलणे होते.

या पद्धतीतही उणीव आहे. जो शाखाधिकारी बोलण्यात तरबेज, त्याची माणसे वर सरकतात. म्हणून सुरुवातीला सर्वांत कमी बोलणाऱ्याला बोलायला लावत असू. दुसरी अडचण कॅशियरची. त्याचे उत्तम काम म्हणजे वर्षभर काहीच न घडणे, मग प्रसंग कुठून आणायचा? त्यांच्यासाठी आम्ही रोजचा मेळ किती वाजता लागला आणि फरक किती वेळा निघाला, हे वर्षभराचे रजिस्टर टेबलावर ठेवले. त्यातून ध्यानीमनी नसलेला एक कॅशियर पाचव्या पायरीवर गेला. अकरा वर्षांत त्याचे नाव कोणी घेतले नव्हते.

खाडीकाठच्या शाखेचे ते करडे शाखाधिकारी त्या पहिल्या बैठकीत माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्याकडे वही आधीपासूनच होती. त्या मुलीची पाने त्यांनी मला दुपारच्या चहाला उघडून दाखवली, तेव्हा ती जाऊन सात महिने झाले होते.

आपला,
एक निवृत्त शाखाधिकारी
रत्नागिरी जिल्हा