ठिबकच्या सबसिडीचा हिशेब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "तुम्हाला काय, ठिबकला ऐंशी टक्के सरकार देतं." तेव्हा बागेत पाणी सुरू होतं, नीट बोलता आलं नाही. पण वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

तुझा आकडा बरोबर आहे. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतून 55 टक्के आणि राज्याकडून पूरक 25 टक्के, असे मिळून 80. पण हे 80 टक्के कशाचे, ते बघ. शासनानं पिकाच्या अंतरानुसार हेक्टरी खर्चाची मर्यादा ठरवलेली असते, टक्के त्या रकमेवर मिळतात.

मागच्या वर्षी केळीच्या हेक्टरभर बागेला ठिबक घ्यायचं होतं. दुकानदाराला सामानाची यादी दिली: 16 मिमीची नळी, सबमेन, फिल्टर, व्हेंचुरी, व्हॉल्व्ह. त्यानं विचारलं, "सबसिडीची फाइल करायची का रोखीनं न्यायचं?" मी म्हटलं, दोन्ही भाव सांग. तीच यादी, तीच आयएसआय नळी. रोखीनं सत्तर हजार. फाइलवर एक लाख.

आता हिशेब कर. सबसिडी ऐंशी हजार, माझ्या पदरचे वीस. सबसिडी नसती तर सत्तर गेले असते. म्हणजे माझी बचत पन्नास हजारांची. उरलेले तीस हजार माझ्या नावानं आले आणि दुकानात राहिले.

त्यातही पूर्ण लाख आधी मीच भरला. पूर्वसंमती आली, माल घेतला, बिल पोर्टलवर चढवलं, मोका तपासणी झाली. पैसे खात्यात पडायला आठ महिने लागले. ऐंशी हजार मी दोन रुपये शेकड्यानं उचलले होते. महिन्याला सोळाशे, आठ महिन्यांचे बारा हजार आठशे. ऐंशीतले माझ्या हाती खरे लागले ते सदतीस हजार दोनशे.

दुकानदाराला मी चोर म्हणणार नाही. फाइलचे कागद, खेटे, बसवून देणं हे त्याच्याच अंगावर असतं, आणि कित्येक शेतकऱ्यांकडून तो फक्त हिस्सा घेतो आणि बाकीच्या पैशांसाठी स्वतः थांबतो. पण भाव चढण्याचं मूळ कारण वेगळं आहे. रोखीत मी घासाघीस करून दहा हजार कमी केले, तर दहाच्या दहा माझे. फाइलवर तेवढेच कमी केले, तर माझे वाचतात दोन हजार, आठ सरकारचे. कोण भांडेल रे दोन हजारांसाठी? घेणाराच भावाला भिडत नाही, मग सगळी बिलं मर्यादेला जाऊन टेकतात. शिवाय फाइलवर नोंदणीकृत कंपनीचाच माल चालतो. ही अट हवीच, कारण हलकी नळी उन्हानं दोन वर्षांत तडकते. पण विकणारे त्यामुळे मोजकेच उरतात.

ही गळती ओळखायची तर एकाच यादीचे दोन भाव मागायचे. गावातल्या दोघांना मी तेच करायला लावलं.

आता ज्याला काहीच मिळत नाही त्याचं सांगतो. आमच्या शेजारचं रान एक जण खंडानं करतो. कंद लावण्यापासून घड कापेपर्यंत राबतो तोच, पण सातबारा मालकाचा, म्हणून अर्ज मालकाचा. ठिबक बसलं आणि पुढच्याच हंगामात मालकानं खंड वाढवला, "आता बागायत सोयीची झाली" म्हणून. सबसिडी शेतीला मिळाली, शेती करणाऱ्याला नाही. मला सगळ्यात जास्त हे लागतं.

आणि पाणी. ठिबकनं झाडामागं पाणी कमी लागतं, हे मी रोज बघतो. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी चार हजार चारशेच्या वर खोडं; मोकाट पाण्यावर विहीर दुपारीच तळ दाखवायची, आता पुरते. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहिलंच नाही. पूर्वी ज्या तुकड्यात कापूस किंवा ज्वारी असायची तिथंही आम्ही केळीच लावली, मी स्वतः लावली. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल 2024 पासून माफ आहे, त्यामुळे तासभर जास्त उपसलं तरी खिशाला कळत नाही. रावेर-यावलकडे बोअर खोल खोल चाललेत. ठिबक स्वस्त, वीज फुकट, मग ज्वारी कोण पेरणार? आणि सगळ्यांची केळी एकदम कापणीला आली की व्यापारी मागेल त्या भावाला द्यावी लागते. तेव्हा स्वस्त ठिबकाचा काही फायदा केळी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडेही जातो.

सबसिडी बंद करा असं मी म्हणत नाही. सबसिडी नसती तर सत्तर हजारांचा पूर्ण भार उचलणं मलाही जड गेलं असतं. पण बिलावर टक्के देण्याऐवजी हेक्टरी ठरावीक रक्कम थेट शेतकऱ्याला द्यावी, माल घेण्याआधी. मग वाचलेला प्रत्येक रुपया त्याचा, आणि दुकानात तो स्वतःच भांडेल. खंडकऱ्याला त्यातून काही मिळणार नाही, हे मला दिसतंय. त्याचा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

बागेत निसवण सुरू झाली आहे, घड बाहेर पडताहेत. दिवाळीत आलास की बागेत नेतो, दोन्ही भावांचे कागद जपून ठेवलेत, तेही दाखवतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
रावेरचा मित्र