बाबांचा SGPT उतरला, तरी मला आनंद का झाला नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले. फोनवर तुम्ही एका दमात सांगितलंत, "SGPT ८१ वरून ४९ वर आला, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २ चं ग्रेड १ झालं, आता विषय संपला." मी तेव्हा "बरं" एवढंच म्हणाले. तुम्हाला ते खटकलं, हे आवाजावरून कळलं. फोनवर आकडे बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र. चष्मा लावून आणि रिपोर्ट समोर ठेवून वाचा.

आधी रिपोर्टमधले SGPT आणि SGOT हे दोन आकडे कशाचे ते सांगते. SGPT आणि SGOT ही यकृताच्या पेशींच्या आत काम करणारी एन्झाइम्स. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. त्यामुळे पेशींना किती इजा होते आहे, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो. यकृत काम किती करतंय ते यांतून कळत नाही. त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची तपासणी पाहायची. तुमचं बिलिरुबिन ०.८ आहे, अल्ब्युमिन ४.२ आहे, म्हणजे यकृत आपलं काम चोख करतंय. अल्कलाइन फॉस्फटेजही हद्दीत आहे, तेव्हा पित्ताच्या वाटेत अडथळा असल्यासारखं काही दिसत नाही. या बाजूने मी निर्धास्त आहे.

आता मुद्द्याचं. SGPT मुख्यतः यकृतात असतं. SGOT मात्र यकृताखेरीज स्नायू, हृदय आणि तांबड्या पेशींतही भरपूर असतं. साध्या फॅटी लिव्हरमध्ये दोन्ही थोडे वाढतात, पण SGPT जास्त वाढतं. तीन वर्षांपूर्वीचा तुमचा रिपोर्ट अगदी तसाच होता: SGPT ८१, SGOT ४८. SGOT ला SGPT ने भागलं तर ०.६ येतात. चरबीमुळे सुजलेल्या यकृताचं हे नेहमीचं रूप. लॅबमध्ये मी असे रिपोर्ट रोज सह्या करून पाठवते.

या वेळी SGPT ४९ आणि SGOT ५४. रिपोर्टवर SGPT ची हद्द ५० छापलेली असल्यामुळे त्याच्यापुढे तारा नाही. SGOT ची हद्द ४० आहे, त्याच्यापुढे तारा आहे, आणि तो तुम्ही "जरासा जास्त" म्हणून सोडून दिलात. पण दोघांनी जागा बदलल्या आहेत. गुणोत्तर ०.६ वरून १.१ झालं आहे. SGPT सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला आणि SGOT उतरायचं सोडून थोडा चढला.

यकृत खरोखर सुधारतं तेव्हा दोन्ही आकडे हातात हात घालून खाली येतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा काही कारण दिसतं. वजन सात-दहा टक्क्यांनी उतरलं तर ते मी समजू शकले असते. तुमचं वजन ८२ होतं, आता ८१ आहे. मग एकटा SGPT कशामुळे उतरला? वयानुसार तो थोडा उतरतो, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त सतावतं. वर्षानुवर्षं सूज राहिली की यकृतात व्रणासारखे तंतू साठत जातात, त्याला फायब्रोसिस म्हणतात. ते वाढलं की SGPT हळूहळू खाली येऊ शकतो. SGOT रक्तातून काढून टाकायचं काम यकृतातल्याच काही पेशी करतात. तंतू वाढले की ते काम मंदावतं आणि SGOT रेंगाळतो. अशा वेळी उतरलेला SGPT सुधारणेसारखा दिसतो, पण ती आजार पुढे सरकल्याची खूणही असू शकते.

ग्रेडचंही तसंच. सोनोग्राफीत यकृत किती पांढरं दिसतं, त्यावरून डोळ्यांनी ग्रेड ठरते. तपासणारा बदलला तर ग्रेडही बदलू शकते. शिवाय ती चरबीची ग्रेड आहे, तंतूंची नाही. तंतू वाढत जातात तशी चरबी कमीही होऊ शकते. ग्रेड २ चं ग्रेड १ झालं, एवढ्यावरून पेढे वाटू नका.

तुम्हाला हिशेब आवडतो, म्हणून एक हिशेब देते. फिब-४ म्हणतात त्याला, आणि साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. वयाला SGOT ने गुणायचं. मग प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले SGPT चं वर्गमूळ, याने त्याला भागायचं. प्लेटलेट्स यात का, तर यकृत कडक झालं की प्लीहेवर रक्ताचा दाब येतो, ती मोठी होऊन जास्त प्लेटलेट्स अडवून ठेवते आणि रक्तातला आकडा घसरतो.

तीन वर्षांपूर्वी: वय ६१, SGOT ४८, गुणाकार २९२८. प्लेटलेट्स २ लाख ६० हजार, म्हणजे २६०. ८१ चं वर्गमूळ ९, गुणाकार २३४०. उत्तर १.२५.

आता: वय ६४, SGOT ५४, गुणाकार ३४५६. प्लेटलेट्स १ लाख ९२ हजार, ४९ चं वर्गमूळ ७, गुणाकार १३४४. उत्तर २.५७.

१.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर असेल तर यकृताच्या तज्ज्ञाकडे जायचं. मधला पट्टा अनिश्चित, त्यासाठी दुसरी तपासणी लागते. तुम्ही आधी खालच्या रेषेच्या आत होता, आता मधल्या पट्ट्यात जवळजवळ वरच्या टोकाला आहात. गंमत म्हणजे १ लाख ९२ हजार प्लेटलेट्सपुढे तारा नाही, कारण दीड लाखाच्या वर सगळं हद्दीतच धरतात. हद्दीतला आकडासुद्धा घसरत असतो, आणि ती घसरण एका रिपोर्टवर दिसत नाही.

म्हणून घाबरून जाऊ नका. हे सूत्र "नाही" म्हणतं तेव्हा त्यावर भरवसा ठेवता येतो. "असेल" म्हणतं तेव्हा ते बरेचदा चुकतं. वय वाढलं की उत्तर आपोआप फुगतं, म्हणून ६५ नंतर खालची रेषा २ धरतात. पुढच्या वर्षी तुम्हालाही तीच लागू होईल. पण २.५७ तिच्याही वरच आहे.

या निकालावर विश्वास ठेवण्याआधी मला तीन गोष्टी पक्क्या करायच्या आहेत. पहिली, रक्त देण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत तुम्ही अंगमेहनत केली होती का? आई म्हणाली, माळ्यावरची सगळी खोकी तुम्ही एकट्याने उतरवलीत, पण कधी ते तिला आठवत नाही. सवय नसताना स्नायूंवर असा ताण पडला की SGOT वाढतो, कधी SGPT सुद्धा, आणि यकृताचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणून पुन्हा रक्त द्याल तेव्हा आधीचा आठवडाभर जड काही उचलू नका आणि चिठ्ठीवर सीपीके, म्हणजे स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी, लिहून घ्या. सीपीके वाढलेलं निघालं तर SGOT स्नायूंचा समजायचा.

दुसरी, नमुना. रक्त काढताना सुई नीट लागली नाही किंवा सिरिंज जोरात ओढली तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातला SGOT नमुन्यात मिसळतो. रिपोर्टखाली बारीक अक्षरांत "हिमोलाइज्ड" असं काही लिहिलंय का, ते बघा. प्लेटलेट्सचंही असं होतं: जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात आणि मशीनला त्या कमी दिसतात. काचपट्टीवर स्मिअर पाहिलं की लगेच कळतं. तेवढं करायला सांगा.

तिसरी गोष्ट औषधांची. डॉक्टरांनी दारूबद्दल विचारलं म्हणून तुम्ही चिडलात, पण तो प्रश्न गुणोत्तरातून येतो. दारूने बिघडलेल्या यकृतात SGOT बहुधा SGPT च्या दुपटीहून जास्त असतो. SGPT ला जीवनसत्त्व बी-६ जास्त लागतं आणि दारू पिणाऱ्यांत ते कमी पडतं, त्यामुळे SGPT मागे राहतो. तुमचं १.१ त्या जातीचं नाही, आणि तुम्ही पीत नाही हे मला ठाऊक आहे. पण "यकृतासाठी चांगलं" म्हणून कुणी दिलेल्या बाटल्या-गोळ्या घेत असाल तर त्या डॉक्टरांसमोर ठेवा. वनस्पतींच्या औषधांनीही यकृताला इजा होते. आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र बंद करू नका. SGPT एवढासा वाढला म्हणून स्टॅटिन सोडायचं कारण नाही, उलट फॅटी लिव्हर असलेल्याला धोका जास्त हृदयाचा असतो.

बी आणि सी काविळीच्या तपासण्या कधी केल्याचं मला रिपोर्टमध्ये सापडलं नाही. त्या एकदा करून घ्याव्या. नुसती सोनोग्राफीत चरबी दिसली म्हणून बाकी सगळं नाही असं धरता येत नाही.

आई, तुझा रिपोर्टही त्यात होता. तुझे SGPT २५, SGOT २४, सगळं बिनताऱ्यांचं. पण तुला मधुमेह आहे आणि सोनोग्राफीत चरबी आहे, आणि अशा वेळी एन्झाइम्स नॉर्मल असूनही फायब्रोसिस असू शकतं. म्हणून तुझाही हिशेब केला. वय ६०, प्लेटलेट्स २ लाख ७० हजार, उत्तर १.०७. ठीक आहेस. दर एक-दोन वर्षांनी तेवढा हिशेब करत जाऊ.

तर बाबा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. SGOT, SGPT, सीपीके, प्लेटलेट्स स्मिअरसकट, आणि बी-सी. फिब-४ तेव्हाही १.३ च्या वर राहिलं तर फायब्रोस्कॅन करायचं. त्यात फासळ्यांमधून हलकी टिचकी बसते आणि यकृत किती कडक आहे ते किलोपास्कलमध्ये मोजलं जातं. सुई नाही, भूल नाही, दहा मिनिटांचं काम. आधी निदान तीन तास काही खायचं नाही, नाहीतर आकडा खोटा फुगतो. ८ च्या खाली आला तर मी फोनवर नुसतं "बरं" म्हणणार नाही. १२ च्या वर आला तर तज्ज्ञ गाठायचा, आणि मी सोबत येईन. मधे कुठे आला तरी तज्ज्ञांना दाखवूच, घाई मात्र नको.

जुने आणखी रिपोर्ट फाइलमध्ये असतील तर आई, त्यांचे फोटो पाठव. मला त्यांतल्या प्लेटलेट्स हव्या आहेत, तारखेसकट.

तुमची लेक