सुतारकाका, त्या वाकवलेल्या खिळ्यासाठी थँक्यू

काका, तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही माहितीय, पण घरातलं कोणीतरी वाचून दाखवेलच म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या सातवीतल्या पोराला शाळेच्या जत्रेत दगडफेकीचं यंत्र मांडायचं होतं. आधी आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँडचं केलं, पण दहा-बारा वेळा उडवलं की रबर सैल पडायचं आणि बॉल पायाशीच. तुम्ही म्हणालात, रबर कशाला, वजनावर चालव.

मग ६० सेंटिमीटरची पट्टी घेतली, एका टोकापासून १२ सेंटिमीटरवर आस, म्हणजे एक बाजू दुसरीच्या चौपट. आखूड बाजूला २ किलो वाळूचा डबा लटकवला, लांब टोकाला कापडाची छोटी गोफण आणि तिच्यात २० ग्रॅमची मातीची गोळी. गोफणीची एक दोरी पट्टीला पक्की, दुसरीचा फास टोकावरच्या खिळ्यात नुसता अडकवलेला. डबा वीतभरच खाली येतो पण लांब टोक चौपट पळतं आणि गोफण त्याच्याही पुढे.

तरी गोळी सरळ वर, एकदा तर मागे आमच्याच अंगावर. त्याला वाटलं जोर कमी पडतोय, वाळू वाढवली, तर ती आणखी वर गेली! तुम्ही उत्तर सांगितलं नाही, एवढंच विचारलंत, "शेतात पाखरं हाकताना गोफणीची दोरी कधी सोडतात रे?" लवकर सोडली तर दगड आभाळात, उशीर झाला तर पुढ्यात. इथे ते बोटाचं काम खिळा करतो. तुम्ही पकडीने तो जरासा पुढे वाकवलात, फास उशिरा सुटला. मग त्याने स्वतः जास्त वाकवून पाहिला, तर गोळी समोर मातीत आपटली. मधला कोन सापडल्यावर १२ मीटर! त्याचा चेहरा तुम्ही पाहिलात ना?

त्या रात्री वाचत बसला आणि त्याला कळलं की १३०४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यापुढे असंच अवाढव्य यंत्र उभारलं होतं, वॉरवुल्फ नावाचं, आणि त्याच्यावर पाच मुख्य सुतार आणि पन्नासेक माणसं राबत होती. त्या वेढ्यात यंत्रांच्या वजनासाठी चर्चच्या छपरांवरचं शिसं काढून आणलं, कारण तेवढ्याच डब्यात शिसं वाळूच्या सहा-सात पट जड भरतं. आतले लोक शरण यायला तयार झाले तरी यंत्र चालवून बघेपर्यंत राजाने शरणागती घेतली नाही, हे वाचून मात्र तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आई, म्हणजे किल्ला सुतारांनी पाडला.

जत्रेत त्याने फळीवर तीन खिळे ठोकून ठेवले होते, सरळ, थोडा वाकलेला, जास्त वाकलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचा, सांगा गोळी कुठे पडेल.

तुम्ही लाकडाचे पैसे घेतले नाहीत, दोन संध्याकाळी हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याशी बसलात, मनापासून आभार काका. रविवारी तो यंत्र घेऊन दुकानात येतोय, तुम्ही स्वतः उडवायचंय म्हणे. समोरची स्कूटर तेवढी बाजूला लावून ठेवा.